एका फोनला एकच किल्ली

सावेडीच्या घरी चार कॅमेरे आहेत, त्यांचे रेकॉर्डिंग जिन्याखालच्या डीव्हीआरमध्ये होते. आई-बाबा दोघेच तिथे राहतात. ताई पुण्याला, मी सुप्याच्या एमआयडीसीत. कॅमेरे बाहेरून दिसावेत म्हणून बसवणाऱ्याने राऊटरमध्ये डीव्हीआरचा पोर्ट उघडून ठेवला होता. असा पोर्ट आपल्याला जसा उघडा, तसाच साऱ्या जगाला. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने असलेच उघडे कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्यातले मूळ पासवर्ड वापरून हजारोंनी ताब्यात घेतले होते. हे कळल्यावर मी तो पोर्ट बंद केला. राऊटरमध्येच व्हीपीएन सर्व्हर होता, तो चालू करायचा ठरवला.

*

सर्व्हर दहा मिनिटांत चालू झाला, पण बाहेरून फोन काही लागेना. दोन रविवार यातच गेले. चूक सर्व्हरमध्ये नव्हतीच.

राऊटरच्या स्टेटस पानावर इंटरनेटचा पत्ता `192.168.1.4` दिसत होता. हा घरातला पत्ता. म्हणजे फायबरवाल्याने भिंतीवर लावलेली पेटी स्वतःच राऊटर बनून बसली होती आणि आमचा राऊटर तिच्या पोटात. त्यांच्या माणसाला सांगून ती पेटी ब्रिज मोडवर टाकून घेतली आणि कनेक्शनचे युजरनेम-पासवर्ड आमच्या राऊटरमध्ये भरले. आता पत्ता आला `100.71.` ने सुरू होणारा. तरीही फोन लागेना.

`100.64` ते `100.127` हे पत्ते २०१२ साली इंटरनेट कंपन्यांसाठीच राखून ठेवले गेले. एका वाड्यात वीस बिऱ्हाडे आणि रस्त्यावरून दिसणारा दरवाजा एकच, तशी ही सोय. आतून बाहेर जाता येते, पण बाहेरून आलेल्याला कुठल्या बिऱ्हाडात सोडायचे ते दारावरच्या माणसाला कळत नाही. याला सीजीनॅट म्हणतात. राऊटरमधली कुठलीही सेटिंग यावर उपाय नाही. कंपनीला फोन करून ‘पब्लिक आयपी’ मागावा लागतो. आम्हाला थोडे जास्त पैसे भरून तो मिळाला, पण बदलता. दरवेळी राऊटर चालू झाला की नवा आकडा.

*

बदलत्या आकड्यासाठी राऊटरमधलेच डीडीएनएस चालू केले. एक नाव घ्यायचे. आकडा बदलला की राऊटर स्वतः ते नाव नव्या आकड्याला जोडून देतो. फोनच्या व्हीपीएन प्रोफाइलमध्ये आकडा लिहायचा नाही, हे नाव लिहायचे.

*

घरातल्या नेटवर्कचा पत्ताही बदलला. आमचा राऊटर `192.168.0.1` वर होता आणि ताईच्या पुण्यातल्या घरचाही तोच. तिचा फोन डीव्हीआरला आपल्याच घरात शोधत बसे. म्हणून सावेडीचे नेटवर्क `192.168.47` वर नेले. डीव्हीआरचा पत्ता हाताने भरलेला होता, तो बदलायचा राहिला आणि संध्याकाळभर घरातसुद्धा कॅमेरे दिसेनात. हे काम प्रोफाइल काढायच्या आधी करावे, नाहीतर सगळ्या प्रोफाइल पुन्हा काढाव्या लागतात.

*

राऊटरमध्ये व्हीपीएनचे तीन पर्याय होते. पीपीटीपी सोडून दिला; त्यातली पासवर्डची पद्धत फोडता येते हे २०१२ सालीच दाखवले गेले आहे. ओपनव्हीपीएन चांगला, पण आमच्या राऊटरमध्ये तो सगळ्यांसाठी मिळून `.ovpn` ची एकच फाइल काढून देतो. एक फोन हरवला की सर्टिफिकेट नव्याने बनवायचे आणि घरातल्या प्रत्येकाला नवी फाइल द्यायची. वायरगार्डमध्ये प्रत्येक फोनचे वेगळे नाव आणि वेगळी किल्ली. घरासाठी मला हेच योग्य वाटते.

ताईच्या फोनची प्रोफाइल अशी:

```
[Interface]
PrivateKey = (ताईच्या फोनची किल्ली)
Address = 10.8.0.3/32

[Peer]
PublicKey = (राऊटरची किल्ली)
Endpoint = (डीडीएनएसचे नाव):51820
AllowedIPs = 192.168.47.0/24
PersistentKeepalive = 25
```

यातली `AllowedIPs` ही ओळ नीट पाहावी. आमच्या राऊटरने तिथे आपणहून `0.0.0.0/0` लिहिले होते. तसे ठेवले तर पुण्यात पाहिलेला प्रत्येक व्हिडिओ सावेडीच्या घरून फिरून जाईल. फक्त घरचे नेटवर्क लिहिले की कॅमेऱ्यापुरती वाट घरी येते, बाकी सगळे फोनच्या नेहमीच्या वाटेने जाते.

*

पहिली चाचणी घरच्या वायफायवर करू नये. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर करावी. घरात बसून घराचाच बाहेरचा पत्ता गाठणे बऱ्याच राऊटरना जमत नाही, आणि आपण उगाच सेटिंग उलटसुलट करत बसतो.

*

वायरगार्डचा एक स्वभाव माहीत असावा. चुकीच्या किल्लीला तो उत्तरच देत नाही. बाहेरून चोरट्याने दार शोधले तर त्याला दार आहे हेही कळत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्यामुळेच आपली चूक झाली तरी फोनवर काही इशारा येत नाही. वर किल्लीचे चिन्ह ऐटीत दिसत राहते. ॲपमध्ये `rx` चा आकडा पाहावा. तो शून्यावर अडला असेल तर पलीकडून काहीच येत नाही, चिन्ह काही का दाखवेना.

*

ताईचा फोन एका सोमवारी संध्याकाळी. “सकाळी दिसत होतं रे, आता दिसत नाही. जरा वेळाने परत दिसतं, परत जातं.”

“तुझी प्रोफाइल आणखी कुणाला दिलीस का?”

“दाजींच्या फोनमध्ये टाकली. तीच तर आहे!”

कारण हेच होते. राऊटर एका किल्लीमागे एकच ठिकाण लक्षात ठेवतो. ज्या फोनचे बोलणे शेवटचे आले, त्यालाच उत्तर पाठवतो. दोन फोन एकाच किल्लीवर असले की दोघे आळीपाळीने एकमेकांना तोडत राहतात. दाजींसाठी `10.8.0.6` ची वेगळी प्रोफाइल काढली आणि त्रास संपला.

*

एका रात्री लाइट गेली, आली. राऊटरला नवा आकडा मिळाला, डीडीएनएसचे नावही काही मिनिटांत सुधारले, पण माझ्या फोनवर कॅमेरे बंदच. वायरगार्ड ते नाव फक्त चालू होताना एकदा विचारतो आणि मग जुन्याच आकड्याला धरून बसतो. ॲपमधले बटण बंद करून पुन्हा चालू केले की लागते. ताईच्या आणि माझ्या फोनवर हे एवढेच लिहून ठेवले आहे. राऊटर आणि फायबरची पेटी, दोन्हीला छोटा यूपीएस लावल्यापासून ही वेळ क्वचित येते.

*

प्रोफाइल व्हॉट्सॲपवर पाठवली नाही. त्या फाइलमध्ये किल्ली उघडी लिहिलेली असते. ज्याच्या हाती फाइल, तो आमच्या घरात. राऊटरच्या पानावर क्यूआर कोड येतो. तो स्क्रीनवरच ठेवायचा, समोरच्या माणसाने ॲपने स्कॅन करायचा आणि पान बंद करायचे. ताई गणपतीला सावेडीला आली तेव्हा हे काम केले. चार फोनला पंधरा मिनिटे लागली.

*

बाबांचा फोन माळीवाडा बसस्थानकावर गहाळ झाला. पोलिसांत तक्रार आणि सिमकार्ड बंद करणे ही कामे होतीच, पण त्याआधी राऊटरच्या यादीतली ‘बाबा’ ही ओळ खोडली. बाकीच्यांच्या फोनला काही झाले नाही. नवा फोन आल्यावर ‘बाबा-२’ नावाने नवी किल्ली काढली. तुम्हीही यादीत फोनच्या मालकाचे नाव लिहा, आणि फोन विकायच्या किंवा एक्स्चेंजमध्ये द्यायच्या आधी त्याची ओळ खोडा.