प्रश्नपत्रिकेची नक्कल

स्मरणिकेसाठी लेख द्या, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा मी इतिहासाचा शिक्षक या नात्याने संस्थेच्या वाटचालीवर लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते काम माझ्यापेक्षा जाणती मंडळी करतीलच. मी लिहिणार आहे ते एका प्रश्नपत्रिकेविषयी आणि तिची नक्कल करताना माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी. त्या चुकीने एका विद्यार्थिनीचा एक गुण गेला. तो मी परत दिला. पण त्या गुणाने मला शिकवले ते येथे नोंदवून ठेवावे, असे वाटते.

दहावीच्या पूर्वपरीक्षेची ही गोष्ट आहे. कड्याच्या परिसरात दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलांचे आईवडील तेव्हा दूर कारखान्यांच्या फडात असतात. मुले मात्र येथे राहून अभ्यास करतात. त्या वर्षी इतिहास व राज्यशास्त्राची छापील प्रश्नपत्रिका माझ्याकडे आली ती झेरॉक्सची झेरॉक्स होती. कंसातले आकडे पुसट, मात्रा उडालेल्या. सोबत उत्तरसूची होती. अशी पत्रिका मुलांच्या हाती देणे बरे नव्हे, म्हणून ती मी शाळेच्या संगणकावर जशीच्या तशी टंकून घ्यायचे ठरवले.

जशीच्या तशी, हे म्हणायला सोपे आहे. उतारा उतरवताना शब्द चुकला तर वाचणाऱ्याच्या लक्षात येते, कारण अर्थ अडखळतो. प्रश्नपत्रिकेत अर्थाइतकेच काम मांडणी करते. प्रश्नाचा क्रमांक, पर्यायाचे अक्षर, कंसातील गुण आणि विभागाची सूचना या चार गोष्टींना स्वतःचा असा आशय नसतो. पण त्यांतली एक जरी सरकली तरी उत्तर, उत्तरसूची आणि गुण यांचा परस्परसंबंध तुटतो.

म्हणून मी आधी मजकूर टंकत नाही, सांगाडा लिहितो. एका कोऱ्या कागदावर प्रश्नक्रमांक, उपप्रश्न आणि गुण एवढेच उतरवायचे. त्या पत्रिकेचा सांगाडा असा होता: प्र. १ (अ) ३, (ब) ३, प्र. २ (अ) ४, (ब) ४, प्र. ३ ला ४, प्र. ४ ला ४; प्र. ५ ला ६. येथे इतिहास संपतो आणि बेरीज २८ होते. पुढे राज्यशास्त्र: प्र. ६ ला २, प्र. ७ ला ४, प्र. ८ (अ) २, (ब) २ आणि प्र. ९ ला २, म्हणजे १२. एकूण ४०. माथ्यावर छापलेले गुणही ४०. बेरीज जुळली की पुसट आकडा आपण बरोबर वाचला याची बरीचशी खात्री पटते. जुळली नाही, तर पुढे एक अक्षरही टंकायचे नाही.

दुसरी पायरी सूचनांची. ‘कोणतेही दोन’ हे शब्द अशा पत्रिकेत पुन्हा पुन्हा येतात. जुन्या पोथ्या उतरवणाऱ्यांची एक ठरावीक चूक इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत असते. दोन ओळींचा शेवट सारख्याच शब्दाने होत असला, की लेखनिकाची नजर पहिल्या ओळीवरून थेट दुसरीवर उतरते आणि मधला मजकूर गळतो. प्रश्नपत्रिकेत नेमके हेच घडते. प्र. ५ मध्ये चार प्रश्न दिले होते आणि त्यांतील कोणतेही दोन सोडवायचे होते. ती सूचना गळाली असती तर मुले चारही दीर्घोत्तरे लिहीत बसली असती आणि दोन तासांतला राज्यशास्त्राचा वेळ तेथेच संपला असता. ही चूक ओळखण्याची खूण गुणांतच असते. सहा गुण चार प्रश्नांत वाटले तर प्रत्येकी दीड येतो. सविस्तर उत्तराला कोणी दीड गुण ठेवत नाही. मग कंसातले काहीतरी सुटले आहे, हे समजावे.

तिसरी पायरी पर्यायांची. जागा वाचवण्यासाठी छापणारे चार पर्याय दोन ओळींत बसवतात: वर (अ) आणि (ब), खाली (क) आणि (ड). उतरवणारा माणूस थकलेला असला की आडवे वाचण्याऐवजी उभे वाचतो. मग (अ) नंतर (क) मधला मजकूर येतो आणि त्याला नवे अक्षर मिळते (ब). पर्याय सारे आहेत, शुद्ध आहेत, पण उत्तरसूचीतील (ब) आता दुसऱ्याच नावाकडे बोट दाखवतो. पुसट छपाईत ‘ब’ आणि ‘व’ सारखे दिसतात, हा आणखी एक धोका. त्यासाठी मी अक्षर आणि मजकूर एकत्र टंकतो; आधी चार अक्षरे आणि मग त्यांच्यापुढे मजकूर, असे करीत नाही. संगणकाचे आपोआप पडणारे क्रमांकही बंद ठेवतो. एखादी ओळ वरखाली झाली की ते न विचारता बदलतात, आणि मजकूर दुसरीकडे नेला की कधीकधी नाहीसेच होतात. क्रमांक हा प्रश्नाचा भाग आहे. तो हातानेच लिहावा.

एवढी काळजी मी त्या रात्री घेतली होती. बेरीज जुळली, सूचना जागच्या जागी होत्या, पर्याय नीट होते. चूक झाली ती प्र. १ (ब) मध्ये. सूचना होती, प्रत्येक संचातील चुकीची जोडी ओळखून लिहा. तीन संच, प्रत्येकी एक गुण. तिसरा संच मूळ पत्रिकेत असा होता:

(१) मूकनायक – १९२०
(२) बहिष्कृत भारत – १९२७
(३) जनता – १९३०
(४) प्रबुद्ध भारत – १९४६

मी टंकले तेव्हा चौथ्या जोडीपुढे १९५६ लिहिले.

हा हात घसरल्याचा प्रकार नव्हता. बाबासाहेबांच्या पत्रांची वर्षे मी वर्षानुवर्षे शिकवली आहेत. ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक निघाले. ३ एप्रिल १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर काही दिवसांतच, बहिष्कृत भारत. नोव्हेंबर १९३० मध्ये जनता. आणि धम्मदीक्षेच्या वर्षी, ४ फेब्रुवारी १९५६ ला, जनताचेच नाव प्रबुद्ध भारत झाले. ‘प्रबुद्ध भारत’ एवढे वाचून माझी नजर पुढे गेलीच नाही. पुढचे वर्ष डोळ्यांनी पाहिले नाही, स्मरणाने लिहिले. ज्या विषयाचे मला काहीच ठाऊक नसते, त्या विषयाची पत्रिका मी अधिक बिनचूक उतरवली असती. जी चूक मुलांनी शोधावी म्हणून मुद्दाम ठेवली होती, तीच मी दुरुस्त करून टाकली होती.

पेपर झाला. उत्तरसूची समोर ठेवून मी गठ्ठा तपासला. सूचीत लिहिले होते, प्रबुद्ध भारत. काही मुलांनी अंदाजाने तेच लिहिले होते. त्यांना गुण मिळाला. काहींनी जनता लिहिले, काहींनी जागा कोरी ठेवली. एका मुलीने मात्र लिहिले होते, ‘या संचात चुकीची जोडी नाही.’ मी त्यावर फुली मारली आणि शून्य दिले.

उत्तरपत्रिका वाटल्यावर ती मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

‘‘सर, प्रबुद्ध भारत छप्पनलाच सुरू झालं ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग पेपरात पण छप्पनच आहे, सर.’’

मी तिच्या हातातली पत्रिका पाहिली, मग कपाटातली मूळ प्रत काढली. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. तिला काही समजावण्यासारखे उरले नव्हते. मी तिला म्हणालो, ‘‘बाळा, तुझं बरोबर आहे. चूक माझी आहे.’’ तिचे आईवडील तेव्हा फडात होते. आपल्या मुलीने छापील प्रश्नाशी मतभेद नोंदवला, हे सांगायला जवळ कोणी नव्हते. प्रश्न चुकीचा छापला असेल असे मानायला पंधराव्या वर्षी धैर्य लागते. विशेषतः ज्यांच्या घरात छापील कागद म्हणजे बहुधा मुकादमाने अंगठा घेतलेली उचल, त्यांना तर अधिकच.

त्या संचाचा गुण मी सर्वांना दिला आणि वर्गात कारण सांगितले. पुढे घरी बसून विचार केला, की माझ्या तिन्ही पायऱ्यांतून ही चूक निसटली कशी? उत्तर सरळ होते. बेरजेला वर्ष कळत नाही. सूचना तपासून मजकूर कळत नाही. शुद्धलेखनाच्या दृष्टीने १९५६ अगदी निर्दोष आहे. अशी चूक सापडण्याचा मार्ग एकच: मूळ प्रत आणि नक्कल समोरासमोर ठेवून, अर्थ बाजूला सारून, चिन्हाला चिन्ह लावून पाहणे.

आपल्या परंपरेत याची रीत आहे. रंगूनला १९५४ ते १९५६ या काळात छट्ठ संगायन भरले. तेव्हा त्रिपिटकाच्या निरनिराळ्या देशांतील प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या आणि भिक्खुसंघाने पाठाचे सामूहिक पठण केले. त्याच मार्गाने आता आपल्या शाळेत पत्रिका दोघे मिळून तपासतात. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचतो, दुसरा नकलेवर पेन्सिल ठेवून ऐकतो. वाचायचे सगळेच: ‘प्रश्न एक, ब, कंसात तीन.’ वर्षे अंकाअंकाने: ‘एक, नऊ, चार, सहा.’ ‘एकोणीसशे सेहेचाळीस’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला ते कळते, आणि कळले की तो स्वतःच्या मनातले वर्ष ऐकू लागतो. नंतर अदलाबदल करतात. नक्कल वाचली जाते आणि मूळ प्रत पाहिली जाते. चाळीस गुणांच्या पत्रिकेला सुमारे अर्धा तास लागतो. शक्य तेव्हा वाचणारा त्या विषयाचा शिक्षक नसतो. इतिहासाची पत्रिका आमचे गणिताचे सर वाचतात.

मूळ प्रतीतच खरोखर चूक असेल तर? तीही तशीच उतरवायची, समासात पेन्सिलीने खूण करायची आणि पत्रिका काढणाऱ्याला विचारायचे. त्याने हो म्हटल्यावरच दुरुस्ती. नक्कल करणाऱ्याने स्वतःच्या अखत्यारीत काही सुधारू नये. त्याला ठाऊक असलेले सत्य कदाचित प्रश्नाचे उत्तर असते.

त्या पत्रिकेच्या दोन्ही प्रती मी अजून एकाच फाइलमध्ये ठेवल्या आहेत. नवा शिक्षक रुजू झाला की त्याला दोन्ही देतो आणि फरक शोधायला सांगतो. बहुतेकांना पहिल्या वाचनात तो सापडत नाही. ती मुलगी आज स्वतः शिक्षणशास्त्र पदविकेचा अभ्यास करते आहे. गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती शाळेत आली होती, तेव्हा ती फाइल मी तिला दाखवली. तिने दोन्ही पाने पाहिली आणि विचारले, ‘‘सर, बाकीचे दोन संच ताडून पाहिले होते का?’’

पाहिले नव्हते. त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून ते वाचून काढले.