बोली न भरण्याचं पत्र

आमची स्ट्रक्चरल ऑडिटची फर्म छोटी आहे. दोन इंजिनिअर, दोन मदतनीस आणि चाचणीच्या यंत्रांचा एकच संच. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर एका मोठ्या गृहसंकुलाने प्रस्ताव मागवला. 7 इमारती, सगळ्या 30 वर्षांपुढच्या, अहवाल 21 दिवसांत. मी हिशेब मांडला. रिबाउंड हॅमर भराभर चालतो. पण अल्ट्रासोनिक चाचणीला प्लास्टर काढून काँक्रीट उघडं करावं लागतं, आणि खांबाच्या समोरासमोरच्या बाजूंना प्रोब टेकवायला घराघरात जावं लागतं. कुणाच्या घराला कुलूप, कुणी खांबालाच कपाट जडवलेलं. एका इमारतीत आठवडा सहज जातो. मुदत गाठायची तर चाचण्या कमी कराव्या लागल्या असत्या, आणि अहवालावर सही माझी असते.

अशा वेळी पुष्कळ जण गप्प बसतात किंवा मुद्दाम चढा दर भरतात. मला दोन्ही पटत नाही. गप्प बसलं की पुढच्या यादीतून नाव जातं. चढ्या दराने ‘महागडे’ असा शिक्का बसतो. तोच दर दुसऱ्या फर्मच्या सांगण्यावरून भरला, तर ते 2002च्या स्पर्धा कायद्याने मनाई केलेलं संगनमत ठरतं.

मी प्री-बिड मीटिंगच्या आधीच पत्र पाठवलं, म्हणजे समितीला आणखी कुणाला विचारायला वेळ राहील. मजकूर एवढाच:

‘आपण आमचा विचार केलात, आभारी आहोत. सातही इमारतींच्या चाचण्या 21 दिवसांत नीट करण्याइतकं मनुष्यबळ व यंत्रं आमच्याकडे नाहीत, म्हणून आम्ही बोली भरत नाही. दिवाळीनंतर एका वेळी दोन इमारतींचं काम आम्ही घेऊ शकतो. तसंच, दुरुस्ती सुरू झाल्यावर तिच्या तपासणीसाठी जरूर विचारावं. आपले नकाशे आम्ही अन्य कुणाला दिलेले नाहीत. आमच्याकडील प्रती नष्ट केल्या आहेत.’

कारण एकच दिलं, तेही आमच्या बाजूचं. मुदत चुकीची आहे, असं या पत्रात लिहिलं नाही. अटींबद्दल शंका असेल तर ती प्री-बिडला विचारावी. नकारात घातली की तक्रार वाटते. दराचा आकडा तर चुकूनही घालू नये, कारण तो दुसऱ्यांशी घासाघीस करायला वापरला जातो. ‘भविष्यात संधी द्यावी’ हे वाक्य मी लिहीत नाही. कधी आणि कोणतं काम जमेल ते कळलं, तरच सेक्रेटरी पत्र फाइलला लावून ठेवतो.

हे सगळं बोली भरण्याआधीच जमतं. बोली उघडल्यावर तिच्या वैधतेच्या काळात माघार घेतली, तर निविदेच्या अटींप्रमाणे बयाणा रक्कम सहसा जप्त होते, आणि काही ठिकाणी पुढच्या निविदांनाही बंदी येते. म्हणून निविदा हातात आली की मी आधी मुदतीचं पान उघडतो, दराचा तक्ता नंतर.