२॥ म्हणजे अडीच

देवणी गाईंच्या नोंदी गावोगावच्या वह्यांतून एक्सेलमध्ये येतात आणि तिथून सफाईसाठी फ्रीलान्सरकडे जातात. तो मुलगा पुण्याचा असो की बंगळूरचा, त्याने ही वही कधी पाहिलेली नसते. म्हणून ‘डेटा साफ करून द्या’ एवढ्या निरोपावर मी काम देत नाही. काय आलं तर काय व्हायला हवं, हे जोड्यांनी लिहून पाठवतो.

```
१२३४ ५६७८ ९०१२ → 123456789012
1.23457E+11 → तपासा
२॥। → 2.75
पावणेतीन लि. → 2.75
२+१॥ → 3.5
2-3 → तपासा
0 → 0
(रिकामे) → (रिकामे)
```

पहिल्या दोन ओळी कानातल्या बिल्ल्याच्या. तो क्रमांक बारा आकडी असतो. एक्सेलने तो आखडून दाखवला आणि तसाच सीएसव्हीत उतरला, की शेवटचे आकडे कायमचे जातात. स्क्रिप्टने तिथे शून्यं भरली, तर दुसऱ्याच गाईचा क्रमांक तयार होतो. म्हणून ‘तपासा’ लिहायचं आणि बिल्ला पुन्हा वाचायचा.

पुढच्या ओळी दिवसाच्या दुधाच्या, लिटरमध्ये. जुनी माणसं पाव, अर्धा, पाऊण अजून दंडांनी लिहितात. ‘आकडा सोडून बाकी सगळी चिन्हं काढा’ असा नेहमीचा नियम लावला, की २॥ चे 2 होतात. गाईचं अर्धा लिटर दूध नाहीसं होतं आणि स्क्रिप्ट कुठेही अडत नाही, कारण 2 हाही चांगला आकडाच आहे. त्यातही कुणी ॥ एका खुणेने टंकतं, कुणी । दोनदा. दोन्ही चालले पाहिजेत, हे निरोपात वेगळं लिहावं लागतं. ‘२+१॥’ म्हणजे सकाळ-संध्याकाळ, त्याची बेरीज करायची. ‘2-3’ हा मालकाचा अंदाज, त्याची सरासरी काढायची नाही. शून्य म्हणजे गाय आटली; रिकामं म्हणजे मोजलंच नाही.

देवणीच्या वानेरा, शेवरा, बाळंक्या या प्रकारांसाठी मी चालणाऱ्या लेखनांची यादी देतो. यादीबाहेरचं काही आलं तर ‘तपासा’. नुसतं ‘पांढरी’ लिहिलं असेल, तर तिला बाळंक्या करायचं नाही. ते गाय पाहिलेल्या माणसाने ठरवावं.

शेवटी दोन अटी. मूळ रकाना शेजारी तसाच राहील, आणि जितक्या ओळी आल्या तितक्याच परत येतील; दुबार वाटणारी ओळसुद्धा खोडायची नाही, कारण ती त्याच गाईची दुसऱ्या दिवसाची नोंद असू शकते. काम हाती आलं की मूळ रकान्यात दंड असलेल्या ओळी वेगळ्या काढून पाहाव्यात. त्यांच्यासमोर पूर्णांकच पूर्णांक दिसले, तर दंड पुसले गेले आहेत.

असा निरोप लिहायला वेळ लागतो. तरी वहीतली सगळ्यात अवघड नोंद आधी शोधा आणि तिचं उत्तर स्वतः लिहून द्या. ते फ्रीलान्सरवर सोडू नका.