अर्ध्या बादलीची अंघोळ

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिली गाडी 12 एप्रिलला आली, दहा वॅगनची आणि पाच लाख लिटरची. मांजरा धरण आटलेलं होतं, टाक्यांवर पाणी भरताना भांडणं होऊ नयेत म्हणून त्याआधीच जमावबंदी लावावी लागली होती. बाहेरच्या लोकांनी ही बातमी पेपरात वाचली. मी त्या दिवसांत घरी पडून असलेले पेशंट बघायला जायची, आणि मला घरोघरी एकच वाक्य ऐकू यायचं. ‘सिस्टर, प्यायला पाणी न्हाई, ह्यांची अंघोळ कशी करावी माय?’

प्रश्न खोटा नव्हता. पण अंथरुणावरच्या पेशंटला पाणी किती लागतं, याचा अंदाज घरात कुणालाच नसतो. आपल्याला अंघोळ म्हटलं की बादली आणि तांब्या आठवतो. गादीवरच्या अंघोळीत पाणी ओतायचं नसतंच. कातडीवरचा घाम, मळ आणि लघवीचा अंश कापडानं उचलून घ्यायचा असतो. त्यासाठी सात-आठ लिटर, म्हणजे साधारण अर्धी बादली पुरते. पाण्याहून जास्त लागतात कापडं.

एका घरातलं सांगते. सत्तरीच्या आजी, उजव्या अंगाला लकव्याचा झटका येऊन दीड-दोन महिने झालेले. तोंडानं मऊ जेवण घेत होत्या, बोलणं अडखळत होतं, डायपर होता. सून सगळं मनापासून करत होती. एक टॉवेल गार पाण्यात बुडवायचा, पिळायचा आणि डोक्यापासून पायापर्यंत पुसून काढायचा. पाण्यात डेटॉल, पुसून झाल्यावर पाठीला भरपूर पावडर, कमरेखाली हवेची रिंग. टॉवेल पुन्हापुन्हा त्याच पाण्यात बुडायचा. म्हणजे मांड्यांतला मळ त्याच पाण्यातून पाठीवर जायचा. पाणी कमी म्हणून एकदाच घेतलेलं, त्यामुळं शेवटच्या हातापर्यंत ते गढूळ होऊन जायचं.

आम्ही पद्धत बदलली. जुन्या सुती लुगड्याचे हातरुमालाएवढे दहा-बारा तुकडे केले. नवं कापड घेऊ नये, खळ असते आणि ते घासतं. नियम एवढाच ठेवला की वापरलेला तुकडा स्वच्छ पाण्यात परत जाणार नाही, थेट बाजूच्या टोपल्यात पडेल. टोपल्यातले तुकडे नंतर बोअरच्या पाण्यानं धुवायचे आणि कडक उन्हात टाकायचे. घरी बोअर होता, पण पाणी जड. आमच्या काळ्या कातळातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी असंच. त्यात साबण फेसाळत नाही, चिकट थर होऊन कातडीवर बसतो, मग खाज सुटते. म्हणून अंगाला टँकरचं पाणी आणि कापडांना बोअरचं, अशी वाटणी केली. डेटॉल बंद केलं. म्हातारी कातडी आधीच कोरडी असते, ते तिला आणखी ओढून काढतं. साबणसुद्धा रोज सगळ्या अंगाला नको. काखा, जांघा आणि बसायची जागा एवढ्याला पुरे, आणि लावला की तो पूर्ण निघाला पाहिजे.

पाणी तापवून ते चहाच्या थर्मासात भरून ठेवलं आणि लागेल तसं पातेल्यात घेतलं. पुस्तकात 43 ते 46 अंश लिहिलेलं असतं. घरात कोपर बुडवून बघायचं, गरम लागावं पण चटका बसू नये. लकव्याच्या बाजूला पेशंटला गरम-गार कळत नाही, ती भाजली तरी बोलणार नाही. म्हणून आधी तिच्या चांगल्या हाताला लावून विचारायचं. आणि कूलर बंद. बाहेर चाळीसच्या वर ऊन असलं तरी ओल्या अंगावर कूलरचा वारा आला की म्हातारं माणूस कुडकुडतं. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी चादरीखाली. दाराला साडी आडवी बांधली. मुलगा मदतीला होता, पण पाठ वळवायच्या वेळेपुरता आत यायचा. आजींना ते बरं वाटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

पहिला एक लिटर डोळे आणि तोंडाला, बिनसाबणाचा. डोळा नाकाच्या बाजूकडून कानाकडं पुसायचा आणि दुसऱ्या डोळ्याला दुसरा कोपरा घ्यायचा, म्हणजे एकाची घाण दुसऱ्यात जात नाही. मग तीनेक लिटरात हात, छाती, पोट, पाय. हातपाय बोटांकडून वर खांद्याकडं, मांडीकडं पुसतो, कारण हलत नसलेल्या अवयवात रक्त खाली साचतं. फक्त एक पाय अचानक सुजलेला, गरम, दुखरा असेल तर पोटरी चोळायची नाही. आत रक्ताची गाठ असू शकते, डॉक्टरांना कळवायचं. स्तनांखाली आणि पोटाच्या घडीत बोटानं घडी उघडून कापडानं पुसायचं आणि कोरड्या कापडानं टिपून घ्यायचं. घासायचं नाही, टिपायचं. पुसण्यापेक्षा कोरडं करण्याला मी जास्त वेळ देते, कारण ओल राहिलेली घडी उन्हाळ्यात दोन दिवसांत लाल होते. मग नवं पाणी, दोनेक लिटर, पाठीला. उरलेलं दीड-दोन लिटर सगळ्यात शेवटी खालच्या अंगाला, वेगळं कापड, पुढून मागं. बाईमाणसाला उलट दिशेनं पुसलं की संडासातले जंतू लघवीच्या जागी जातात आणि आठ दिवसांत थंडी वाजून ताप येतो. कपडे घालताना आधी लकव्याचा हात बाहीत, काढताना तो शेवटी. त्या हाताला धरून पेशंटला ओढलं की खांदा निखळतो, आणि ते दुखणं पुढं कित्येक महिने पुरतं.

पाठ वळवली आणि पावडर पुसली तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढी जागा वेगळी दिसली. आमच्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. पुस्तकातली चित्रं गोऱ्या पाठींची असतात. इथं जागा आसपासच्यापेक्षा काळपट-जांभळी दिसते, हाताची मागची बाजू लावली तर गरम लागते आणि दाबून बघितलं तर कच्च्या पेरूसारखी टणक. बोटानं दाबून सोडलं की चांगल्या कातडीचा रंग जातो आणि लगेच परत येतो. इथं रंग हललाच नाही. याचा अर्थ हाड आणि गादीच्या मध्ये दबून तिथलं रक्त थांबायला लागलंय. फोड आलेला नाही, कातडी फाटलेली नाही, पण बेडसोरची ही पहिली पायरी आहे. पावडरच्या थराखाली ती दिसली नसती.

मी नांदेडला शिकत होते तेव्हा अशा पाठीला स्पिरिट लावून, पावडर टाकून, तळहातानं गोल गोल चोळायला शिकवायचे. सगळीकडंच तसं होतं. आता ते करत नाहीत. स्पिरिट कातडी कोरडी करतं, पावडर घामात मिसळून तिच्या गोळ्या होतात आणि त्याच टोचतात. आणि दबलेल्या जागी आतल्या बारीक नसा आधीच दुखावलेल्या असतात, त्यांना चोळून आणखी फाडायचं कशाला? हवेच्या रिंगचंही तसंच. मधली जागा अधांतरी राहते खरी, पण रिंगच्या कडेवर दाब वाढतो आणि मधल्या भागाकडं येणारं रक्तच अडतं. सुनेनं ती रिंग पाचशे मैलांवरून मागवल्यासारखी जपून ठेवली होती. ती बाजूला ठेवायला सांगताना मला तिचं वाईट वाटलं, पण सांगितलं.

मग काय करायचं? दाब काढायचा, दुसरा इलाज नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण कुशीवर नाही, कारण मग सगळा भार मांडीच्या हाडावर येतो. पाठीमागं उशी खोचून तीसेक अंश तिरकं. पोटऱ्यांखाली उशी, टाचा हवेत. वर सरकवताना पेशंटला बगलेत धरून ओढायचं नाही. कमरेखाली आडवी चादर घालायची आणि दोघांनी दोन्हीकडून उचलायचं, कारण ओढताना कातडी गादीला चिकटून राहते आणि हाड पुढं जातं. रात्रीचं वेळापत्रक मुलानं मोबाईलच्या अलार्मवर घेतलं. कोरड्या पायांना खोबरेल तेलाचा हात, जिरेल एवढाच. डायपरखालच्या कातडीला झिंक ऑक्साईडचा पातळ थर, आणि ओला झाला की डायपर बदलायचाच. पैसे वाचवायला भरेपर्यंत थांबण्यात काही वाचत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी दाबल्यावर रंग हलायला लागला, नंतर टणकपणा गेला. फोड आला असता, कातडी सोलली असती किंवा काळी खपली धरली असती, तर हे घरगुती काम नव्हतं.

आता तोंड. आजींच्या तोंडाला वास येतो म्हणून सून रोज कापसानं ओठ आणि दात पुढून पुसत होती. वास जात नव्हता. मी बॅटरी धरून उजवा गाल चमच्याच्या दांड्यानं अलगद बाजूला केला. आत सकाळचा शिरा, आणि त्याखाली बहुधा आदल्या दिवसाचा भात. लकव्याच्या बाजूच्या गालाला अन्न अडकल्याचं कळत नाही आणि जीभ तिकडं जात नाही. ते कुजतं. शिवाय पेशंट झोपल्यावर तेच श्वासनळीत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. ठसका लागत नाही म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. आजी आयुष्यभर मिश्री लावत आलेल्या, हिरड्या काळ्या आणि सैल. त्यामुळं लहान मुलाचा मऊ ब्रश घेतला.

आधी कूस. चांगली बाजू खाली, डोकं उताणं न ठेवता कडेला, गालाखाली टॉवेल आणि वाटी, म्हणजे पाणी घशात न जाता बाहेर ओघळतं. कवळी असेल तर आधी काढायची. ब्रश उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून झटकायचा. ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा मीठ चालतं. तोंडात पाणी ओतायचं नाही, अगदी चमचाभरसुद्धा. जिभेवरचा वाळका थर ओल्या गॉजनं आधी भिजू द्यायचा, ओरबाडला की रक्त येतं. दातांमध्ये बोट घालायचं नाही, पेशंट मुद्दाम नाही पण चावतो. ग्लिसरीन मला पसंत नाही. लावल्यावर ओलं वाटतं, नंतर तोंड आणखी सुकतं. ओठांना तूप किंवा व्हॅसलीन, ऑक्सिजन चालू नसेल तरच. हे दिवसातून दोनदा, आणि प्रत्येक जेवणानंतर फक्त तो उजवा गाल बॅटरीनं बघायचा. नळीनं जेवण जाणाऱ्या पेशंटलाही तोंडाची निगा तेवढीच लागते, उलट जास्त. तिथं चावणं नाही, लाळ कमी, तोंड उघडं राहून सुकतं.

सुनेनं विचारलं, ‘जिभेवर दह्यासारखं पांढरं दिसलं तर?’ पुसून निघालं तर अन्न. निघालं नाही, किंवा निघून खाली लाल कच्ची जागा दिसली, तर बुरशी. मग डॉक्टरांना दाखवून लिहून दिलेलंच औषध लावायचं, आणि त्याआधी तोंड साफ करून घ्यायचं, नाहीतर औषध थरावरच बसतं. भरवून झाल्यावर अर्धा तास टेकून बसवून ठेवायचं, हे मी तिला दारात चप्पल घालता घालता सांगितलं. तिला ते आधीच माहीत होतं. शेजारच्या टीव्हीवर तेवढा वेळ मालिका लावायची, म्हणाली, म्हणजे आत्याबाई आडवं व्हायचं म्हणून कुरकुर करत न्हाईत.