संध्याकाळची पाळी

दोन अर्जांच्या प्रती मी अजून जपून ठेवल्या आहेत. दोन्ही अर्ज फुलस्केप कागदावर आहेत आणि दोन्ही 2010 च्या जुलैमध्ये लिहिलेले आहेत. दोन्हींत मागितलं होतं एकच, की कामाची वेळ बदलून मिळावी. पहिल्या अर्जाला ‘बघू’ असं उत्तर मिळालं. दुसऱ्यावर होकार लिहून आला. दोन अर्जांच्या मधे काही दिवस गेले, आणि त्या दिवसांत मी जे शिकले ते कुठल्याच शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा मी पुण्यात एका मोठ्या किराणा दुकानात अर्धवेळ काम करत होते. ट्रॉली घेऊन आत हिंडायचं, आपल्या हाताने माल घ्यायचा आणि काउंटरवर बिल करायचं, अशा पद्धतीचं दुकान. माझी पाळी संध्याकाळी पाच ते साडेनऊ, मंगळवारी सुट्टी, म्हणजे आठवड्याला सत्तावीस तास. दहावीनंतर माझं शिक्षण सुटून सात वर्षं झाली होती. त्या वर्षी रात्रीच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी वाणिज्यला प्रवेश घेतला. वर्ग साडेसहा ते साडेनऊ, सोमवार ते शनिवार, 2 ऑगस्टपासून सुरू. प्रवेशाच्या दिवशी तिथल्या सरांनी भिंतीवरच्या जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या तसबिरीकडे बोट दाखवून सांगितलं की, 1855 साली या दोघांनी याच शहरात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्या माणसाला शिकायला रात्रच मोकळी असते, हा त्यामागचा विचार. मला ते ऐकून भरून आलं, आणि त्याच वेळी धसकाही बसला. कारण माझी रात्र मोकळी नव्हती. अर्धवेळ कामगाराची नेमकी रात्रच विकली गेलेली असते.

हे मला नीट कळलं असतं तर पहिला अर्ज मी तसा लिहिला नसता. त्यात मी घरची परिस्थिती लिहिली. वडिलांचं आजारपण, सुटलेलं शिक्षण, शिकायची जिद्द असं सगळं दोन पानं भरून. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. शेवटी मागणी एका ओळीची, ‘तरी मला रोज सहा वाजता सोडावे ही नम्र विनंती.’ व्यवस्थापक सरांनी तो उभ्या उभ्या वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘बघू.’ माणूस वाईट नव्हता. कुणी चक्कर येऊन पडलं तर स्वतःच्या दुचाकीवरून दवाखान्यात नेणारे ते होते. म्हणूनच त्यांचं ‘बघू’ मला जास्त लागलं. आठ दिवस मी रोज त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

नवव्या दिवशी मीच त्यांना विचारलं. ते मला काउंटरजवळ घेऊन गेले आणि म्हणाले, ‘सहा वाजता तू उठलीस तर काय होईल ते मला सांग.’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले, कारण उत्तर मला माहीत होतं. काउंटरवरचा माणूस पाळीच्या मधेच बदलता येत नाही. आधी रांग थांबवायची, ‘काउंटर बंद’ची पाटी लावायची, मशिनमधून आपल्या नावाची विक्री काढायची, गल्ल्यातल्या नोटा आणि चिल्लर मोजायची, पाळीच्या सुरुवातीला सुट्ट्या पैशांसाठी दिलेली रक्कम वेगळी काढायची आणि उरलेला आकडा विक्रीशी जुळवायचा. जुळला नाही तर पुन्हा मोजायचा. मग दुसऱ्याने बसून आपल्या नावाने मशिन सुरू करायचं. सगळं सुरळीत झालं तरी वीस मिनिटं जातात. आणि ही वीस मिनिटं मी मागत होते ती सहा वाजताची, ऑफिसं सुटून लोक पिशव्या घेऊन आत यायला लागतात तेव्हाची. अर्धवेळ माणसं दुकान ठेवतं तेच मुळी या गर्दीसाठी. दिवसभराची माणसं दुपारी पुरतात, संध्याकाळी कमी पडतात. म्हणजे ज्या तासांसाठी मला कामावर घेतलं होतं, तेच तास मी परत मागत होते आणि बाकीचे ठेवून घ्या म्हणत होते. माझ्या दोन पानांत या अडचणीबद्दल एक शब्द नव्हता.

त्या रात्री घरी जाताना मला फार वाईट वाटलं. नकार मिळाला म्हणून वाटलं नाही. मी माझं दुःख त्यांच्या हातात देऊन मोकळी झाले होते आणि त्याचं काय करायचं हे त्यांच्यावर टाकलं होतं, म्हणून वाटलं. गरजू माणसाने अर्जात गरज लिहावी असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण ऐकणारा कितीही भला असला तरी त्याला उद्याच्या पाळ्यांचा तक्ता भरायचा असतो, आणि त्या तक्त्यात दुःखासाठी रकाना नसतो. रकाने वारांचे आणि तासांचे असतात.

मग मी तासांकडे बघायला लागले. प्रत्येक बिलावर वेळ आणि क्रमांक छापलेला असतो. तीन दिवस मी दर तासाला माझ्या काउंटरचा बिल क्रमांक वहीत टिपला. पाच ते सहा हात रिकामे असायचे, सात ते आठ मान वर काढता यायची नाही, नऊनंतर पुन्हा ओसरायचं. रविवारी मात्र पाच वाजल्यापासूनच रांग. रविवारी माझा वर्ग नव्हता. म्हणजे रविवारची संध्याकाळ मी होती तशी देऊ शकत होते, आणि बाकीच्या पाच दिवसांसाठी अर्धी पाळी न मागता पूर्ण पाळीच दुसऱ्या कुणाशी बदलायला हवी होती.

दुपारच्या बारा ते साडेचारच्या पाळीत एक मुलगा होता. त्याचं कॉलेज सकाळचं. त्याला एमएस-सीआयटीचा कोर्स करायचा होता आणि त्याची बॅच होती दुपारची. जेवणाच्या खोलीत मी त्याला विचारलं. तो लगेच हो म्हणाला, पण मी त्याला दोन दिवस विचार करायला सांगितलं. संध्याकाळी दुकान बंद करताना गल्ला मिळवून द्यावा लागतो, आकडा कमी आला तर जाब द्यावा लागतो, हे त्याला माहीत नव्हतं. ते न सांगता त्याचं नाव माझ्या अर्जात घालणं मला पटलं नाही. दोन दिवसांनी तो म्हणाला, ‘ताई, एक आठवडा शिकव, मग बसतो.’

एक चूक मी करणारच होते. सरांनी हो म्हणावं म्हणून शनिवारच्या सगळ्या संध्याकाळी देऊन टाकाव्यात असं मनात होतं. रात्र महाविद्यालयातल्या आमच्या पुस्तपालनाच्या मॅडमना सहज विचारायला गेले, तर त्यांनी कागदावर हिशोब मांडला. महिन्याला साधारण चोवीस दिवस वर्ग. पंचाहत्तर टक्के हजेरी म्हणजे अठरा. हाताशी उरले सहा. चार शनिवार दिले की राहिले दोन, आणि त्यात ताप, पाऊस, बस बंद हे सगळं बसवायचं. ‘आणि आमच्या विषयात दिवस सारखे नसतात,’ त्या म्हणाल्या. ‘रोजकीर्दीच्या दिवशी आली नाहीस तर दुसऱ्या दिवशी खतावणी कळणार नाही. खतावणी कळली नाही तर तेरीज जुळणार नाही. बुडालेला एक दिवस पुढचे आठ दिवस खातो.’ शनिवार मी अर्जातून काढून टाकले. अडलेला माणूस जे स्वतःकडेच नाही ते आधी देऊ करतो.

दुसरा अर्ज एका पानाचा झाला. तो असा:

‘प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: पाळी बदलून मिळण्याबाबत. महोदय, मी सध्या संध्याकाळी 5 ते 9.30 या पाळीत काउंटरवर काम करते. 2 ऑगस्टपासून माझे अकरावीचे वर्ग सोमवार ते शनिवार 6.30 ते 9.30 या वेळेत आहेत. मंगळवारची सुट्टी व रविवारची संध्याकाळची पाळी तशीच ठेवून बाकीचे पाच दिवस मला दुपारी 12 ते 4.30 ही पाळी मिळावी. एकूण तास तेवढेच राहतील. दुपारच्या पाळीतील सहकारी या दिवसांत माझ्या जागी संध्याकाळी येण्यास तयार आहेत; त्यांची सही खाली आहे. 26 जुलैपासून आठवडाभर मी त्यांच्यासोबत बसून गल्ला मिळवण्याचे काम दाखवीन. दिवाळीपूर्वी माझी सहामाही परीक्षा आहे, ती दुकानाच्या गर्दीत येईल, हे आताच कळवते. हा बदल 30 सप्टेंबरपर्यंत करून पाहावा व न जमल्यास फेरविचार करावा. 24 जुलैपर्यंत उत्तर मिळाल्यास मला वर्गाबाबत निर्णय घेता येईल. प्रवेशाची पावती सोबत जोडली आहे. आपली विश्वासू.’

परीक्षेचं वाक्य लिहू की नको यावर मी रात्रभर विचार केला. ते वाचून नकार येईल अशी भीती होती. पण ऑक्टोबरमध्ये ऐन रवा-मैद्याच्या रांगा लागलेल्या असताना ते सांगितलं असतं तर सरांना मी फसवल्यासारखं झालं असतं.

या वेळी ते खुर्चीत बसून वाचत होते. पाळ्यांचा तक्ता पुढे ओढला, खोडरबराने दोन नावं पुसली आणि उलटसुलट लिहिली. मग माझ्या अर्जाच्या समासात निळ्या शाईने लिहिलं, ‘मान्य. 20 ऑक्टोबर ते 4 नोव्हेंबर संध्याकाळी यावे.’ मी परीक्षेच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी पुढे वाढवलं, ‘परीक्षेचे दिवस वगळून.’ सही केली, तारीख घातली. मी छायाप्रत मागितली तेव्हा त्यांनी जरा चमकून बघितलं, पण दिली.

त्या पंधरवड्यात माझे चार वर्ग बुडालेच. बँक जुळवणी पत्रक मला वार्षिक परीक्षेपर्यंत धड आलं नाही, आणि त्या एका धड्याची भीती बारावीतही गेली नाही. त्या मुलाच्या गल्ल्यात दोनदा तूट आली. दुसऱ्या वेळी चूक मी शिकवताना केलेली निघाली, परत आलेल्या मालाचे पैसे विक्रीतून वजा करायचे हे मी सांगायचं विसरले होते. ती रक्कम मी भरली.

डिसेंबरात सरांची बदली झाली. नव्या व्यवस्थापकांनी पहिल्याच सोमवारी तक्ता पाहून विचारलं, ‘अर्धवेळवाली बाई दुपारी कशी? संध्याकाळी या उद्यापासून.’ मी पिशवीतून छायाप्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, तक्ता पाहिला, त्या मुलाला बोलावून एकदा विचारलं. मग जुन्या शेऱ्याच्या खाली काळ्या शाईने लिहिलं, ‘पुढे चालू. मार्चअखेर.’