मी, मीच आणि तिसरं कुणीतरी

ऑफिसच्या गेटवरचा कॅमेरा आपल्याला ओळखतो, असं आपल्याला वाटतं ना? सॉरी बॉस, तो ओळखत-बिळखत काही नाही. आपलं नाव, आपलं डिपार्टमेंट, आपलं अप्रेजल, कशाशीच त्याला देणंघेणं नसतं. तो फक्त एक अंतर मोजतो. आत्ता समोर उभा असलेला चेहरा आणि जॉइन झालो त्या दिवशी काढलेला फोटो, या दोघांत अंतर किती? कमी असेल तर दार उघडतं. जास्त असेल तर आपण बाहेर, हातात डबा घेऊन.

आता दोन चेहऱ्यांमधलं अंतर म्हणजे काय भानगड आहे? ते फुटात मोजायचं की किलोमीटरमध्ये? मी मास कॉमवाली, गणिताशी माझं दहावीनंतर फारसं जमलं नाही. पण या प्रश्नाच्या मागे लागले आणि खरं सांगते, आत सापडलेली आयडिया फारच गोड निघाली.

साधा विचार केला तर आपण काय करू? ऑफिसात तीनशे माणसं आहेत, तर मशीनला तीनशे चेहरे आणि तीनशे नावं शिकवू. पण सोमवारी पाच नवीन जण जॉइन झाले की? पुन्हा सगळं पहिल्यापासून. शिवाय प्रत्येकाचा फोटो एकच. एका फोटोवरून शिकणार तरी काय? म्हणून लोकांनी प्रश्नच बदलला. ‘हा कोण?’ असं विचारायचंच नाही. ‘हे दोन फोटो एकाच माणसाचे आहेत का?’ एवढंच विचारायचं. हा प्रश्न शिकलेलं मशीन आयुष्यात कधीही न पाहिलेल्या माणसालाही चालतं.

या आयडियाचं पहिलं गाजलेलं काम चेहऱ्यांवर नव्हतं, सह्यांवर होतं! १९९३ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जेन ब्रॉमली, यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॅब्लेटवर पेनाने केलेल्या सह्या तपासायला एक जोडगोळी बनवली. दोन न्यूरल नेटवर्क, अगदी सारखी, आतले सगळे आकडे सामायिक. एकात खरी सही टाकायची, दुसऱ्यात समोर आलेली. दोन्हीकडून आकड्यांची एकेक यादी बाहेर पडते आणि त्या दोन याद्या किती जवळ आहेत ते बघायचं. सहीची ही यादी ८० बाइट्समध्ये बसवायची होती, कारण ती क्रेडिट कार्डाच्या काळ्या पट्टीवर मावायला हवी होती. नाव ठेवलं ‘सयामीज नेटवर्क’. सयामी जुळी म्हणतो ना आपण, तीच कल्पना. देह दोन, पण जोडलेले.

चेहऱ्यांच्या बाबतीत मोठी उडी आली २०१५ साली. गूगलच्या फ्लोरियन श्रॉफ, दिमित्री कालेनिचेंको आणि जेम्स फिलबिन या तिघांनी ‘फेसनेट’ मांडलं. त्यात एक चेहरा म्हणजे फक्त १२८ आकडे. आणि हे आकडे कसे निघावेत हे शिकवायला त्यांनी दोन नाही, तीन-तीन फोटोंचे गट वापरले. तेच ट्रिप्लेट. आणि आपलं उत्तर किती चुकलं हे मशीनला सांगणारा जो आकडा, तो ट्रिप्लेट लॉस.

उदाहरण माझंच घ्या. पहिला फोटो माझ्या आयकार्डवरचा, म्हणजे ‘अँकर’. दुसरा राजमाचीच्या ट्रेकचा, पावसात भिजलेली, केसांची पार वाट लागलेली मी. हा ‘पॉझिटिव्ह’, कारण माणूस तोच. तिसरा माझ्या चुलतबहिणीचा. लग्नकार्यात निम्मे नातेवाईक मला तिच्या नावाने हाक मारतात, इतक्या आम्ही सारख्या. पण माणूस वेगळा, म्हणून ‘निगेटिव्ह’.

फेसनेटच्या हिशेबात अंतर ० पासून ४ पर्यंत जातं. समजा न शिकलेल्या मशीनने माझ्या दोन फोटोंमधलं अंतर काढलं ०.९ आणि मी व बहीण यांच्यातलं ०.८. म्हणजे त्याच्या मते ट्रेकवाल्या माझ्यापेक्षा बहीणच जास्त ‘मी’ आहे! आता नियम असा, की स्वतःचा फोटो परक्याच्या फोटोपेक्षा नुसता जवळ असून चालत नाही, निदान ०.२ ने तरी जवळ हवा. या ०.२ ला मार्जिन म्हणतात. मग हिशेब सोपा. ०.९ वजा ०.८ अधिक ०.२, म्हणजे ०.३. ही झाली चूक. मशीन आतले आकडे किंचित हलवतं, माझे दोन फोटो जरासे जवळ ओढतं, बहिणीला जरासं दूर ढकलतं. हे लाखो फोटोंवर पुन्हा पुन्हा. पुढे कधीतरी माझ्या फोटोंमधलं अंतर ०.५ होतं आणि बहिणीपासूनचं १.२. आता हिशेब शून्याच्या खाली जातो, म्हणजे चूक शून्य धरायची. या तिघांपुरता धडा संपला.

इथपर्यंत सगळं छान. खरी गोम पुढे आहे. तिसरा फोटो कुणाचा घ्यायचा?

समजा बहिणीऐवजी आमच्या जुन्या संपादकांचा फोटो घेतला. टक्कल, झुपकेदार मिशा, जाड चष्मा. माझ्यापासून अंतर १.९. हिशेब करा, चूक शून्य. मशीन काहीच शिकलं नाही! कुठलेही तीन फोटो उचलले तर बहुतेक वेळा हेच होतं. मग वाटेल, सरळ सगळ्यात कठीण फोटो द्यावेत. तर त्यातही लफडं आहे. सगळ्यात कठीण फोटो शोधायला गेलं की आधी सापडतात ते चुकीच्या नावाने साठवलेले. बहिणीचा फोटो चुकून माझ्या नावावर गेला असेल, तर मशीनला तोच ‘उत्तम कठीण उदाहरण’ वाटतो.

त्याहून मजेशीर म्हणजे मशीन वैतागून चक्क हात टेकतं. जगातल्या सगळ्या चेहऱ्यांना एकच यादी देऊन टाकतं. मी, बहीण, संपादक, सगळे एकाच बिंदूवर. मग दोन्ही अंतरं शून्य आणि उरतो फक्त मार्जिन. म्हणजे स्क्रीनवरचा लॉस ०.२ वर येऊन ठप्प होतो आणि हलत नाही. हे काम करणाऱ्यांना तो आकडा दिसला की कळतं, गाडी रुतली.

फेसनेटवाल्यांनी मधला रस्ता काढला. परका चेहरा असा निवडायचा, जो आपल्याच दुसऱ्या फोटोपेक्षा दूर तर आहे, पण ०.२ इतका दूर नाही. माझं अंतर ०.९ तर परक्याचं १.०, चूक ०.१. शिकायला पुरेशी, गोंधळायला नाही. असे फोटो सापडावेत म्हणून ते एका वेळी सुमारे १८०० चेहरे घेत आणि त्यात एकेका माणसाचे चाळीसेक फोटो ठेवत.

निकाल सॉलिड लागला. ‘लेबल्ड फेसेस इन द वाइल्ड’ हा फोटोंचा संग्रह २००७ सालचा, बातम्यांमधल्या चेहऱ्यांचा. त्यातल्या ६,००० जोड्यांच्या परीक्षेत फेसनेटला ९९.६३ टक्के मिळाले. म्हणजे चुकल्या बावीसेक जोड्या. आपल्याकडे असे मार्क मिळाले तर कॉलनीभर पेढे वाटतात!

पण गेल्या नोव्हेंबरात आमच्या आजीला फोनवर जिवंतपणाचा दाखला द्यायचा होता. साताऱ्याला असते, वय ८२, आजोबांच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनवर तिचं घर चालतं. मी फोन धरला, तिने पदर सारखा केला, कॅमेऱ्यात बघितलं. चेहरा जुळत नाही. खिडकीजवळ नेलं, पुन्हा नाही. चष्मा काढून, तरीही नाही. तुलनेचा फोटो दहा-बारा वर्षांपूर्वीचा. तेव्हा दात होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं नव्हतं, गालही भरलेले होते. आजी हसून म्हणाली, “अगं, मी नाही तर मग कोण आहे मी?” हसली खरी, पण शेवटी गुडघे धरत रिक्षाने बँकेत जावं लागलं आणि रांगेत दोन तास गेले.

तेव्हा मला त्या ९९.६३ मागचं कळलं. परीक्षेचे मार्क म्हणजे त्या परीक्षेतल्या माणसांचे मार्क. तो फोटोसंग्रह तयार करणाऱ्यांनी स्वतःच नमूद करून ठेवलंय, की त्यात लहान मुलं फारशी नाहीत, बायकांचं प्रमाण कमी आहे आणि ऐंशीच्या पुढची माणसं अगदीच थोडी आहेत. आमच्या आजीचा पेपर त्या परीक्षेत जवळपास नव्हताच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ट्रिप्लेट लॉस फक्त तुलना शिकवतो, ‘हा त्याच्यापेक्षा जवळ’ इतकंच. ‘किती जवळ म्हणजे एकच माणूस’ हे तो सांगतच नाही. तो आकडा, म्हणजे उंबरठा, नंतर माणसं ठरवतात. समजा १.१ ठरवला. माझे सगळे फोटो ०.५ च्या आत असतील तर मी आरामात आत. आजीचे जुने-नवे फोटो १.३ वर असतील तर ती बाहेर, जरी १.३ च्या जवळपासही दुसरं कुणी नसलं तरी. उंबरठा १.४ केला तर आजी आत येईल, पण मग माझ्या बहिणीला माझा फोन उघडता येईल. एक चूक कमी केली की दुसरी वाढते. दोन्ही कमी करायच्या तर नव्या फोटोंवर पुन्हा शिकवायला हवं, नुसता उंबरठा सरकवून भागत नाही.

हा फरक सगळ्यांना सारखा बसत नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेने २०१९ साली बऱ्याच कंपन्यांची सॉफ्टवेअर्स तपासली. कितीतरी सॉफ्टवेअर्समध्ये दोन वेगळ्या माणसांना एकच समजण्याची चूक आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा १० ते १०० पट जास्त निघाली. पण चीनमध्ये बनलेल्या काही सॉफ्टवेअर्समध्ये पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबत हा फरक दिसला नाही. जे चेहरे शिकताना भरपूर बघितले, त्यांच्यातले बारकावे कळले. जे बघितलेच नाहीत, ते सगळे एका ढिगात.

आज चेहऱ्यांसाठी ‘आर्कफेस’सारख्या नव्या पद्धती जास्त चालतात. शिकवण्याची रीत बदलली, पण शेवटी आकड्यांची यादी, अंतर आणि उंबरठा तेच. त्यामुळे गेटवर किंवा ॲपवर ‘मॅच नाही’ आलं तर शंभर वेळा तोंड वाकडंतिकडं करण्याऐवजी आधी विचारा, तुलनेचा फोटो कधीचा आहे? जुना असेल तर नवीन काढून घ्या. अंतर कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय तोच. आणि एचआरला एवढंच विचारा, की मशीन नाही म्हणालं तर दुसरा रस्ता कोणता? १२८ आकड्यांना आपण पटलो नाही, तर निदान वॉचमनकाकांना तरी पटवता आलं पाहिजे!