एका पूर्णविरामाची गोष्ट

परवा आमच्या एमआयडीसीतला एक मित्र कागद घेऊन आला. तो पाण्याचे फिल्टर बनवतो. रशियातून चौकशी आली होती, पण तिथल्याच एका कंपनीचं पेटंट आडवं येतंय अशी कुणकुण होती. पुण्यात डिप्लोमा करताना मी संध्याकाळी रशियन शिकलो होतो, म्हणून तो माझ्याकडे.

पेटंटमधला दावा, म्हणजे मालक नेमकं काय आपलं म्हणतोय तो भाग, दीड पानाचं एकच वाक्य होता. मध्यावर 'अत्लिचायुश्शिस्या तेम, श्तो', म्हणजे 'याचं वेगळेपण असं की'. त्याच्या आधी जुन्या फिल्टरांतही असणाऱ्या गोष्टी, नंतर नव्या. पण संरक्षण दोन्हींच्या बेरजेला असतं. सगळ्या गोष्टी एकत्र वापरल्या तरच उल्लंघन. म्हणून वाक्य तोडलं की धोका. पूर्णविराम दिला तर वाचणाऱ्याला वाटतं, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे त्यांचाच.

मी वाक्य तोडलं नाही, पण चूक केलीच. एका ठिकाणी लिहिलं: 'प्लास्टिकपासून बनवलेल्या झाकणाच्या बॉडीत जाळी बसवलेली आहे.' मित्राने वाचलं आणि चेहरा पडला. "माझी बॉडी प्लास्टिकची आहे रे. संपलं मग, ऑर्डर सोडतो."

रात्री परत मूळ काढलं. रशियनमध्ये बॉडी पुल्लिंगी, झाकण स्त्रीलिंगी. 'बनवलेलं' या शब्दाचं रूप होतं 'वीपल्न्येन्नय', स्त्रीलिंगी. म्हणजे प्लास्टिकचं फक्त झाकण! बॉडी कशाची, याबद्दल दावा गप्प होता. आपल्या मराठीत 'बनवलेली' आणि 'बनवलेले' यांत फरक दिसतो, पण विभक्ती लागून 'बनवलेल्या' झालं की लिंग गायब. घोळ तिथेच झाला.

मग पद्धत बदलली. आधी प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीवर, क्रमांक देऊन लिहिली आणि समोर 'हे कोणाचं विशेषण' ते टिपलं. अकरा ओळी झाल्या. मग अर्धविराम देत त्या पुन्हा एका वाक्यात बांधल्या: 'बॉडीला झाकण आहे, ते झाकण प्लास्टिकचे आहे; बॉडीच्या आत जाळी आहे;' असं. कानाला खडबडीत, पण गोंधळ नाही. शेवटी उलट तपासणी केली. मराठीतल्या अकरा गोष्टी मूळात सापडतात का? एखादी जास्तीची तर घुसली नाही? जास्तीची अट घुसली तर संरक्षण अरुंद दिसतं, सुटली तर रुंद.

मित्राच्या फिल्टरचं झाकण स्टीलचं आहे. म्हणजे एक अट शब्दशः जुळत नाही. पण स्टीलचं झाकण तेच काम तसंच करतं, म्हणून ते 'समतुल्य' ठरू शकतं का, हा प्रश्न उरतोच. तो माझा नाही, पेटंट वकिलाचा. त्याला तिकडे पाठवलंय, अकरा ओळींचा कागद आणि मूळ रशियन प्रत सोबत देऊन. ऑर्डर अजून सोडलेली नाही.